मोनोब्लॉकचा थरकाप आणि तापमान, दोन्ही एकाच समीकरणात: बल–करंट साम्य कसं वापरायचं

पलूस–भिलवडीच्या काळ्या जमिनीत विहिरीच्या काठावर ५ एचपीचा मोनोब्लॉक पंप बसवला की दोन प्रश्न येतात. पहिला प्रश्न थरकापाचा: पाया हादरतो, मग नट सैल होतात आणि बेअरिंग लवकर जातं. दुसरा तापमानाचा: उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की वाइंडिंग जळतं. पहिला यंत्रशास्त्राच्या पुस्तकात सापडतो, दुसरा उष्णतेच्या. पण दोन्हींचं गणित एकच आहे, आणि ते विजेच्या सर्किटच्या भाषेत मांडलं तर एकाच पद्धतीने सुटतं. या लेखात एकच पंप घेऊन दोन्ही प्रश्न आकड्यांसह सोडवले आहेत.

दोन साम्यं, आणि त्यातलं कोणतं घ्यायचं

पहिलं आणि जुनं साम्य बल–व्होल्टेजचं. त्यात बल म्हणजे व्होल्टेज आणि वेग म्हणजे करंट. वस्तुमान इंडक्टर होतं, स्प्रिंग कपॅसिटर होते आणि डँपर रेझिस्टर होतो. दुसरं बल–करंटचं. त्यात बल म्हणजे करंट आणि वेग म्हणजे व्होल्टेज. इथे वस्तुमान कपॅसिटर होतं, स्प्रिंग इंडक्टर होते आणि डँपरचा रेझिस्टर होतो, पण उलट्या किमतीचा: डँपर जितका घट्ट, तितका ओहम कमी. हे दुसरं साम्य फायरस्टोन यांनी १९३३ साली सविस्तर मांडलं.

दोन्हींमधून उत्तर एकच येतं. फरक चित्रात पडतो. बल–करंट साम्यात यंत्राची जोडणी जशी आहे तशीच सर्किटची राहते: यंत्रात जे समांतर आहे ते सर्किटमध्येही समांतर, जे एकामागे एक आहे ते तसंच एकामागे एक. बल–व्होल्टेजमध्ये सगळं उलटं होतं. याचं कारण मोजमापात आहे. वेग मोजायचा तर दोन बिंदूंमधला फरक घ्यावा लागतो, व्होल्टेजही तसंच मोजतात. बल भागातून आरपार जातं, करंटही तसाच जातो. म्हणून बल–करंट साम्यात जोडणी मोडत नाही.

रोजच्या कामासाठी आमची पसंती बल–करंटलाच आहे, आणि त्याचं मोठं कारण उष्णता आहे. तापमान दोन बिंदूंमधला फरक म्हणून काम करतं आणि उष्णतेचा प्रवाह आरपार जातो. म्हणजे तापमान व्होल्टेजच्या जागी आणि उष्णताप्रवाह करंटच्या जागी आपोआप बसतात. ही तुलना नवी नाही. १८२७ साली ओहमने आपला नियम मांडला तेव्हा त्याच्यासमोर फूरियेचं १८२२ सालचं उष्णतावहनाचं गणितच होतं.

पंपाचं सर्किट काढणं

पंप, मोटर आणि लोखंडी फ्रेम मिळून १०० किलो धरू. फ्रेमखाली चार रबर पॅड, त्यांखाली काँक्रीटचा पाया, आणि पायाखाली काळी माती. पाया १ मीटर लांब, ०.६ मीटर रुंद आणि ०.४ मीटर खोल असेल तर काँक्रीट ०.२४ घनमीटर होतं, म्हणजे जवळपास ६०० किलो.

पहिली पायरी: जी जी वस्तू स्वतंत्रपणे हलू शकते तिला एक नोड द्या. इथे दोन नोड होतात, पंप आणि पाया. न हलणारी खोल जमीन म्हणजे ग्राउंड.

दुसरी पायरी: प्रत्येक वस्तुमानाचा कपॅसिटर त्याच्या नोडपासून ग्राउंडपर्यंत जोडा, दुसरीकडे कुठेही नाही. पुष्कळ जण पंपाचा कपॅसिटर पंप आणि पाया यांच्यामध्ये लावतात, कारण डोळ्यांना पंप पायावर बसलेला दिसतो. पण न्यूटनच्या नियमातला त्वरण पायाच्या तुलनेत मोजायचा नसतो, स्थिर जमिनीच्या तुलनेत मोजायचा असतो. म्हणून वस्तुमानाच्या कपॅसिटरचा एक पाय कायम जमिनीत. (दोन्ही टोकं मोकळी असलेला यांत्रिक कपॅसिटर हवाच असेल तर वेगळा भाग बनवावा लागतो. त्याला इनर्टर म्हणतात. केंब्रिजच्या माल्कम स्मिथ यांनी तो २००२ साली मांडला.)

तिसरी पायरी: स्प्रिंग आणि डँपर ज्या दोन वस्तूंना जोडतात त्या दोन नोडमध्ये काढा. रबर पॅड एकाच वेळी स्प्रिंगही असतं आणि डँपरही, आणि दोन्ही पंप आणि पाया यांच्यामध्येच असतात. म्हणून नोड १ आणि नोड २ यांच्यामध्ये इंडक्टर आणि रेझिस्टर समांतर येतात. मातीचंही तसंच, नोड २ आणि ग्राउंड यांच्यामध्ये.

चौथी पायरी: बल करंट सोर्स म्हणून लावा. फिरत्या भागाचा असमतोल पंपावर लागतो, म्हणून सोर्स ग्राउंडपासून नोड १ मध्ये.

आता आकडे. पॅडचा ताठरपणा मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. फ्रेमसकट पंप ठेवल्यावर पॅड किती दबले ते डायल गेजवर पाहा. १०० किलोने ते ३.९ मिलिमीटर दबले तर ९८१ भागिले ३.९, म्हणजे सुमारे २५० न्यूटन प्रति मिलिमीटर. एक काळजी घ्या: रबर हळू दाबलं तर जितकं मऊ वाटतं, तितकं ते थरथरताना राहत नाही. त्यामुळे खरा ताठरपणा या मोजमापापेक्षा थोडा जास्तच असतो. इथे गणित सोपं राहावं म्हणून २५० च धरू.

डँपिंगसाठी फ्रेमला रबरी हातोडीने एकदा ठोका आणि थरकाप कसा विरतो ते मोजा. प्रत्येक हेलकावा आधीच्या हेलकाव्याच्या ५३ टक्के उरत असेल तर डँपिंगचं गुणोत्तर ०.१ येतं. आपल्या पंपासाठी त्याची किंमत १००० न्यूटन-सेकंद प्रति मीटर होते. मातीसाठी ताठरपणा २४,००० न्यूटन प्रति मिलिमीटर आणि डँपिंग २४,००० न्यूटन-सेकंद प्रति मीटर धरू.

बलाचं काय? २० किलोचा फिरता भाग G6.3 या दर्जाला बॅलन्स केलेला असेल आणि १४४० आरपीएमवर फिरत असेल, तर असमतोलाचं बल सुमारे १९ न्यूटन येतं. आपण २० घेऊ.

समीकरण आणि त्याचं उत्तर

प्रत्येक नोडवर येणारे आणि जाणारे करंट समान, एवढा एकच नियम लावायचा. सगळ्या नोडचं मिळून समीकरण असं:

```
C·dx/dt + G·x + K·∫x dt = u
```

x म्हणजे नोडवरचा वेग, C मध्ये वस्तुमानं, G मध्ये डँपिंग, K मध्ये ताठरपणा आणि u मध्ये बाहेरचं बल. G आणि K हे तक्ते भरायची रीत सोपी आहे: कर्णावर त्या नोडला जोडलेल्या सगळ्या भागांची बेरीज, आणि दोन नोडच्या खान्यात त्यांच्यामधल्या भागाची वजा किंमत.

```python
import numpy as np

def sodva(C, G, K, u, w):
    Y = 1j*w*C + G + K/(1j*w)
    return np.linalg.solve(Y, u)

C = np.diag([100.0, 600.0])
G = np.array([[1000.0, -1000.0], [-1000.0, 25000.0]])
K = np.array([[2.5e5, -2.5e5], [-2.5e5, 2.425e7]])
v = sodva(C, G, K, np.array([20.0, 0.0]), 150.8)
print(abs(v)*1000)
```

१५०.८ हा १४४० आरपीएमचा रेडियन प्रति सेकंदातला वेग. उत्तर मिलिमीटर प्रति सेकंदात छापलं जातं: पंप सुमारे १.४८ आणि पाया ०.०३८. म्हणजे पंप थरथरतो, पाया जवळपास गप्प बसतो.

आता मातीत किती बल जातं ते पाहू. ही गोष्ट नुसत्या अंदाजाने हाताला लागत नाही. पॅडमधून पायावर सुमारे २.८ न्यूटन उतरतं, पण मातीत ६.२ न्यूटन जातं. पायावर येतं त्याच्या दुप्पट पुढे कसं गेलं? पाया आणि माती यांचा स्वतःचा कंपनदर सुमारे ३२ हर्ट्झ आहे आणि पंप २४ हर्ट्झवर चालतो. म्हणजे पाया स्वतःच्या अनुनादाच्या खालच्या अंगाला आहे आणि बल वाढवून पुढे ढकलतो. पाया एकदम स्थिर आहे असं धरून एकाच नोडचं गणित केलं तर हा भाग हाती लागतच नाही.

तरीही पॅड बसवण्यात मोठा फायदा आहे. पॅड न लावता पंप थेट पायावर आवळला तर ७०० किलोची एकच वस्तू मातीवर बसते. तेव्हा २० न्यूटनच्या असमतोलातून मातीत सुमारे ५५ न्यूटन जातं.

पावसाळ्यात माती भिजून मऊ पडली तर? मातीचा ताठरपणा २४,००० वरून १४,००० न्यूटन प्रति मिलिमीटरवर आला तर पायाचा कंपनदर बरोबर २४ हर्ट्झजवळ येतो. पॅड असूनही मातीतलं बल सुमारे ११ न्यूटनवर जातं. उन्हाळ्यात शांत चालणारा पंप पावसात घरघरतो तेव्हा बेअरिंग खोलण्याआधी पायाखालची माती तपासावी.

पाइप आणि सोलर पंप

पॅड लावूनही थरकाप जात नाही अशी तक्रार येते, तेव्हा बहुतेक वेळा दोष डिलिव्हरी पाइपचा असतो. जीआय पाइप थेट फ्लँजला आवळून विहिरीच्या कठड्याला क्लँप केलेला असतो. सर्किटच्या भाषेत नोड १ पासून ग्राउंडपर्यंत आणखी एक इंडक्टर आला, तोही पॅडना टाळून. पाइपचा ताठरपणा १००० न्यूटन प्रति मिलिमीटर, म्हणजे पॅडच्या चौपट धरला, तर पंपाचा वेग दुप्पट होऊन २.९ मिलिमीटर प्रति सेकंद होतो. २० पैकी १९ न्यूटन पाइपमधून कठड्यावर जातात आणि पॅड नुसते नावाला उरतात. उपाय म्हणजे पंप आणि पाइप यांच्यामध्ये रबरी बेलोज किंवा लवचिक होजचा तुकडा, आणि क्लँप त्याच्या पलीकडे. ओळखायचं कसं? पंप चालू असताना कठड्यावरच्या क्लँपला हात लावा. पायापेक्षा तिथे जास्त थरथर लागली तर वाट तिथूनच आहे.

सोलर पंपात आणखी एक भर पडते. सूर्य वर येतो तसा कंट्रोलर मोटरचा वेग वाढवतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ पंप कमी आरपीएमवर बराच वेळ फिरतो. आपल्या पॅडवर पंपाचा स्वतःचा कंपनदर ८ हर्ट्झ, म्हणजे ४८० आरपीएम आहे. असमतोलाचं बल वेगाच्या वर्गाने घटतं, त्यामुळे तिथे ते २.२ न्यूटनच असतं. तरीही पंपाचा वेग २.२ मिलिमीटर प्रति सेकंद होतो, म्हणजे पूर्ण वेगावरच्या दीडपट. तिथे फक्त डँपिंगच आडवं येतं. म्हणून कंट्रोलरमध्ये किमान वेग ठरवण्याची सोय असेल तर तो ६०० आरपीएमच्या वर ठेवावा.

बल–व्होल्टेज चित्रातली नेहमीची चूक

कॉलेजात पहिल्यांदा बल–व्होल्टेजच शिकवलं जातं, आणि चूकही तिथेच होते. पॅडचा स्प्रिंग आणि डँपर यंत्रात समांतर आहेत, म्हणून विद्यार्थी सर्किटमध्येही कपॅसिटर आणि रेझिस्टर समांतर काढतो. या साम्यात ते एकामागे एक हवेत, कारण दोन्हींचा वेग एकच आहे आणि वेग म्हणजे करंट.

चूक पकडायची खात्रीची कसोटी आहे. पंपाचं नुसतं वजन, म्हणजे ९८१ न्यूटन, डीसी म्हणून लावून पाहा. बरोबर चित्रात कपॅसिटर डीसी अडवतो, करंट शून्य होतो, म्हणजे पंप थोडा खाली बसून थांबतो. चुकीच्या चित्रात रेझिस्टरमधून करंट वाहतच राहतो: ९८१ भागिले १०००, म्हणजे पंप जवळपास १ मीटर प्रति सेकंद वेगाने कायम खाली जात राहतो. असं उत्तर आलं की जोडणी उलटी झाली हे नक्की. बल–करंट चित्रात हीच कसोटी इंडक्टरवर लागते. डीसीला तो शॉर्ट असतो, म्हणून वेग शून्य येतो.

तेच समीकरण, आता तापमानासाठी

त्याच मोटरचं तापमान काढू. आता नोड १ म्हणजे वाइंडिंग, नोड २ म्हणजे मोटरची बॉडी आणि ग्राउंड म्हणजे आजूबाजूची हवा. वाइंडिंगमध्ये ४ किलो तांबं, त्याची उष्णताधारकता सुमारे १५४० जूल प्रति अंश. बॉडीत ३५ किलो लोखंड, त्याची सुमारे १६,१००. दोन्ही कपॅसिटर पुन्हा ग्राउंडलाच, कारण साठलेली उष्णता आपण हवेच्या तापमानापासून मोजतो. वाइंडिंग ते बॉडी रोध ०.०५ अंश प्रति वॅट आणि बॉडी ते हवा ०.०८ धरू. वाइंडिंगमध्ये ४०० वॅट आणि बाकीच्या भागांत २५० वॅट उष्णता होते. हे दोन करंट सोर्स.

K चा तक्ता इथे पूर्ण शून्य. उष्णतेच्या जगात इंडक्टर नाही, स्वतःच्या जडत्वाने पुढे वाहत राहणारी उष्णता नसते. म्हणून असं मॉडेल स्वतःहून हेलकावे खात नाही. बाहेरचा कंट्रोलर नसताना तापमान वर जाऊन पुन्हा खाली येत असेल आणि पुन्हा वर जात असेल, तर जोडणीत किंवा चिन्हात चूक आहे.

स्थिर तापमानासाठी वरच्या कोडमध्ये `w=0` घालू नका, K शून्य असल्याने शून्याला शून्याने भागाकार होऊन `nan` येतं. त्याऐवजी G मध्ये रोधांच्या उलट्या किमती, म्हणजे २० आणि १२.५, घालून थेट:

```python
G = np.array([[20.0, -20.0], [-20.0, 32.5]])
print(np.linalg.solve(G, np.array([400.0, 250.0])))
```

उत्तर ७२ आणि ५२. म्हणजे बाहेर ४० अंश असताना बॉडी ९२ आणि वाइंडिंग ११२ अंश. बी क्लास इन्सुलेशनची मर्यादा १३० अंश, म्हणजे १८ अंश शिल्लक.

आता व्होल्टेज ४१५ वरून ३५० वर आलं. तेवढंच पाणी उपसायला मोटर जास्त करंट घेते, आणि तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढून ४०० वरून सुमारे ५६० वॅट होते. त्याच गणिताने वाइंडिंग १३३ अंशांवर जातं. पण इथे सरळ मॉडेल थोडं अपुरं पडतं. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, म्हणजे उष्णता आणखी वाढते. T1 म्हणजे आधीचे ११२ अंश आणि T2 म्हणजे नवं तापमान धरून, रोधाचं प्रमाण `(234.5+T2)/(234.5+T1)` या सूत्राने घेऊन तीन-चार वेळा फिरवलं की उत्तर १३८ अंशांवर थांबतं. मर्यादा ८ अंशांनी ओलांडली. ही मोटर त्याच दिवशी जळणार नाही, पण इन्सुलेशन दर उन्हाळ्यात झिजत राहणार.

रोटर अडकला तर प्रकार वेगळा. करंट सहापट झाला की तांब्यातली उष्णता छत्तीसपट, म्हणजे १४,४०० वॅट. वाइंडिंगचा टाइम कॉन्स्टंट सुमारे ७० सेकंद आहे. पहिल्या काही सेकंदांत बॉडीपर्यंत उष्णता पोचायला वेळच मिळत नाही, कपॅसिटर एकटाच भरतो. १४,४०० भागिले १५४०, म्हणजे सेकंदाला ९ अंशांहून जास्त. ११२ वरून १५५ ला पोचायला पाच सेकंदही लागत नाहीत. बॉडीवर हात ठेवून मोटर तापली का ते पाहणाऱ्याला यात काहीच कळणार नाही. बॉडीचा टाइम कॉन्स्टंट जवळपास २४ मिनिटांचा आहे.

साम्य कुठे तुटतं

यंत्रात बल गुणिले वेग म्हणजे शक्ती, विजेत व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे शक्ती. उष्णतेत हा गुणाकार करायचा नाही, कारण उष्णताप्रवाह स्वतःच वॅटमध्ये असतो. म्हणून उष्णतेच्या कपॅसिटरमध्ये साठलेली ऊर्जा काढताना विजेचं अर्धं-वर्गाचं सूत्र लावू नये. ती नुसती धारकता गुणिले तापमानवाढ असते. सर्किट सिम्युलेटरमध्ये मॉडेल चालवलं तर तो दाखवतो ती रेझिस्टरची शक्ती इथे निरर्थक आहे. नोडचं व्होल्टेज तेवढं घ्यायचं.

आणि रोध मोजताना एक सापळा आहे. बॉडी ते हवा हा रोध काढायला मोटर बंद करून थंड होण्याचा आलेख घेतात. पण मोटर बंद झाली की तिच्या मागचा पंखाही थांबतो. त्या क्षणी ०.०८ चा रोध दुप्पट-तिप्पट होतो, आणि आलेखातून निघालेली किंमत चालू मोटरला लागू पडत नाही. म्हणून थंड मोटर चालू करून तापण्याचा आलेख घ्यावा: दर पाच मिनिटांनी बॉडीचं तापमान, किमान दीड तास, ठरलेल्या लोडवर. वाइंडिंगचं तापमान हवं असेल तर सुरू करण्याआधी आणि बंद करताच वाइंडिंगचा रोध मोजून वरच्याच २३४.५ च्या सूत्राने काढता येतं. बंद केल्यानंतरचं मोजमाप पहिल्या अर्ध्या मिनिटात झालं पाहिजे, कारण ७० सेकंदांच्या टाइम कॉन्स्टंटमुळे वाइंडिंग आणि बॉडीतला फरक झपाट्याने मिटत जातो आणि उत्तर कमी येतं.